अळिवाचे लाडू आणि आखूड जीभ

माझ्या बाळंतपणात आईने अळिवाचे लाडू इतके वळले की डबे संपले आणि शेवटी ते प्रेशर कुकरमध्ये ठेवावे लागले. कारण एकच. मला दूध येत नाही, असा निकाल लागला होता. निकाल हडपसरच्या काकूंनी दिला. त्या बाबांच्या काकू, वय नव्वदीच्या पुढे, आवाज मात्र तिशीतला. बाळाला बघायला आल्या, पायावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाल्या, "पोरगं वाळलंय. दूध न्हाय हिला. रंगरावाच्या आईलाबी नव्हतं. हे घराण्यातच हाय."

यावर बाबांनी, म्हणजे रंगरावांनी, चिडायला हवं होतं की नाही? ते उलट खुशीत आले. "मी शेळीच्या दुधावर वाढलो," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोथरूडमध्ये ते तीस वर्षं शुद्ध उच्चारांचे वर्ग घेतात आणि पहिल्या दिवशी मुलांना हे आवर्जून सांगतात. बिचाऱ्या आजीला गावाने जन्मभर 'कोरडी' म्हटलं, ते मात्र कधी सांगत नाहीत. मला ते आईकडून कळलं.

आता कोरडीचा मान माझ्याकडे आला होता. इंद्रजीत (हे नाव बाबांनी ठेवलं, जोडाक्षराशिवाय नाव म्हणजे त्यांना मीठ नसलेली आमटी) तासन्‌तास अंगावर असायचा. टॉक टॉक आवाज करायचा, सुटायचा, रडायचा, पुन्हा धरायचा. माझे डोळे पाण्याने भरायचे. चिरा पडल्या होत्या आणि दूध पाजून झालं की स्तनाग्र चेपून तिरकं झालेलं दिसायचं. तरी पोराचं वजन जन्माच्या वेळेइतकंही भरेना. मी बाळाला अंगावरच पाजायचं ठरवलं होतं, आणि रोज वाटायचं की आज हरणार. मला राग यायचा, लाज वाटायची, आणि अळिवाच्या वासाने मळमळायचं.

त्यातच एकदा इंद्रजीत रडत असताना आईला त्याची जीभ दिसली. शेंड्याला मधोमध खाच, बदामासारखी, आणि खालून एक पातळ पट्टी तिला ओढून धरत होती. आईने बाबांना हाक मारली. बाबांनी चष्मा लावून आत डोकावलं आणि हाय खाल्ली.

"उत्कर्षा, याचा 'ळ' गेला!"

"बाबा, त्याला अजून मान धरता येत नाही."

"मान धरेल गं, 'ळ' कसा धरेल? ताबडतोब कापून घ्यायला हवं. तोवर वेखंड मधात उगाळून चाटवा, वाणी सुटते."

डॉक्टर आलिया आमच्या लहान मुलांच्या डॉक्टर. बाबांनी 'ळ' ही तक्रार मांडल्यावर त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आधी मधाचा निकाल लावला. "वर्षाच्या आत मध अजिबात नाही. वेखंडही नको. आणि बोलण्यासाठी म्हणून या वयात जीभ कापत नाहीत, काका. अशी जीभ असलेली बहुतेक मुलं नीट बोलतात. पुढे काही अक्षरं अडलीच, तर स्पीच थेरपिस्ट बघतील आणि तेव्हा ठरवू."

"बहुतेक म्हणजे? पुरावा?"

"घरात आणखी कुणाची जीभ अशी आहे का? हे बरेचदा घराण्यात असतं. आपण बाहेर काढून दाखवता का?"

बाबांनी अपमान झाल्यासारखी जीभ बाहेर काढली. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. ती खालच्या ओठापर्यंत आली आणि थांबली. शेंड्याला मधोमध खाच.

मला एकदम सगळ्या कुल्फ्या आठवल्या. बाबा जन्मात कधी कोन चाटत नाहीत. कुल्फीसुद्धा ताटलीत काढून चमच्याने खातात आणि आम्हालाही तसंच खायला लावलं. 'चाटणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे.' मी आणि माझा भाऊ पंचवीस वर्षं हे संस्कार समजत होतो!

"आणि आपला 'ळ' तर अगदी स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनी तोंड मिटलं.

मग डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर पाजायला सांगितलं. बाळाला कसं धरायचं, तोंड मोठं उघडू द्यायचं, हनुवटी कुठे टेकवायची, सगळं दाखवलं. थोडं बरं वाटलं, फार नाही. "लगेच कापायचं नाही. आधी हे करून बघू. बऱ्याच बाळांचं एवढ्यावर भागतं. तोवर प्रत्येक वेळी पाजून झालं की पंपाने दूध काढून वरून द्या."

घरी आल्यावर मी पंप लावला. बाटली भरत गेली. आईने ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि कुकरमधले लाडू सोसायटीच्या वॉचमनला देऊन आली. दूध होतं! मी पोटभर रडले.

आई ते दूध बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या वाटीने, पाजायची आणि इंद्रजीत मिटक्या मारायचा. पुढच्या खेपेला वजन छान वाढलं होतं. पण अंगावर घेतलं की तीच ओढाताण, त्याच चिरा. डॉक्टर म्हणाल्या, "दूध भरपूर आहे, पद्धतही बरोबर आहे, तरी जीभ वर उचलली जात नाही. आता मोकळी करायचा विचार करू. फरक पडेलच अशी हमी नाही, पण शक्यता चांगली आहे."

त्यांनी लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं ना, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, एवढं विचारलं. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, जीभ वर उचलली, आणि बोथट टोकाच्या कात्रीने ती पट्टी कापली. मी डोळे मिटून उघडेपर्यंत संपलंसुद्धा. रक्ताचे दोन-चार थेंब. इंद्रजीत रडला, पण बाबांइतका नाही.

"लगेच अंगावर घ्या," सर्जन म्हणाले.

घेतलं. त्याने धरलं. टॉक टॉक नाही. आधी थोडा चाचपडला, मग गटक, गटक. दुखणं एका दमात गेलं नाही, चिरा भरायला वेळ लागायचाच होता, पण ते चेपणं गेलं होतं. माझ्या लेकराला मी पाजत होते. बस्स, मला दुसरं काही नको होतं.

परत येताना बाबांनी रिक्षा दवाखान्यापाशी थांबवून डॉक्टर आलियांना गाठलं. "आमची आई... तिलाही दूध असेल का हो?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं मी कसं सांगू, काका? पण असू शकेल. बाळाला ओढता आलं नाही की हळूहळू दूध आटतं. मग लोक म्हणतात, आईलाच नव्हतं."

घरी आल्यावर चपलाही न काढता त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. काकूंना कमी ऐकू येतं.

"काकू, रंगराव बोलतोय. माझी जीभ खालून बांधलेली आहे. जन्मापासून. मला ओढता येत नव्हतं."

"मग आता काय करायचं रं? आपरेशन?"

"काही नाही करायचं."

"मग फोन कशापायी केलास?"

बाबांनी घसा साफ केला. तीस वर्षं पोरांच्या तोंडातून हडपसर काढणारा माझा बाप फोनवर ओरडला, "आयला दूध व्हतं, काकू! माझ्या आयला दूध व्हतं!"

पलीकडून काकूंचा आवाज आला, पहिल्यांदाच नव्वदीतला.

"व्हय रं. तिचं लुगडं भिजायचं. आमी म्हणायचो, घाम हाय."