दीडच्या पाळीतले नऊ जण

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चाळीस माणसं दिवसभर लोकांच्या पाण्याची काळजी वाहत. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारी कंपनी वेगळी, आणि यंत्र बिघडल्यावर शिव्या खाणारी कंपनी वेगळी, अशी व्यवस्था होती. ही दुसरी. अठ्ठावीस जण हिंदीतून शिव्या खायचे, बारा जण मराठीतून.

अक्षता परब सहा वर्षं मराठीतून खाऊन दमली. घशात दोन बारीक गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, "आवाज जपा." आवाज विकून पोट भरणाऱ्या बाईला हे ऐकवायला त्यांनी सातशे रुपये घेतले. पण मुकुल सर देवमाणूस. ऑपरेशन्स मॅनेजर असूनही. त्यांनी तिला फोनवरून उठवून नियोजनाच्या खुर्चीवर बसवलं, तीन महिने बोलीवर. जमलं तर खुर्ची तुझी, नाही जमलं तर हेडफोन आहेच.

खुर्चीचं काम ऐकायला सोपं होतं: कोणी कधी जेवायचं ते ठरवायचं.

यातली मेख अक्षताला पहिल्याच आठवड्यात कळली. सगळ्या जगाला भूक एकाच वेळी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या जगाला फोन करायला सवड मिळते. दुपारी साडेबारा ते अडीच घरातल्या बायकांची कामं आटोपतात, ऑफिसातली माणसं आपल्या लंच-टायमात डबा उघडून एका हाताने इथला नंबर लावतात. म्हणजे ते जेवणार आणि इथले बोलणार. म्हणून जेवण चार पाळ्यांत: साडेबारा, एक, दीड, दोन. प्रत्येक पाळीत अर्धा तास, दहा माणसं बाहेर, तीस माणसं फोनवर. दहातले सात हिंदीचे, तीन मराठीचे. मराठीच्या रांगेत अर्ध्या तासाला चाळीसेक कॉल येत, एकेक कॉल साडेचार मिनिटांचा. तिथे नऊ माणसं बसलेली असली तर शंभरातले ऐंशीहून जास्त कॉल वीस सेकंदांत उचलले जायचे. आठ बसली की गाडी सत्तरच्याही खाली. एका खुर्चीने एवढा फरक पडतो हे मुकुल सरांना पटत नसे. त्यांच्या मते माणसांनी मनापासून काम केलं की आठातही भागतं.

पाण्याच्या कंपनीची अट ऐंशीची, प्रत्येक अर्ध्या तासाला, दोन्ही रांगांना वेगवेगळी. आणि या आठवड्यात कंपनीचा राजेश नावाचा माणूस स्वतः येऊन बसला होता, आकडे बघायला. अक्षताचे तीन महिनेही याच शुक्रवारी भरत होते. ऑफिसं माणसाची परीक्षा अशीच घेतात, सगळे पेपर एकाच दिवशी.

अक्षताने पाळ्या आखल्या आणि तिला बत्तीस तक्रारी आल्या. एकाला साडेबाराला भूक लागत नव्हती, एकीला दोनला चक्कर येत होती, एकीचा होणारा नवरा दीडलाच फोन करायचा. त्यावर या आठवड्यापासून अक्षताने आपल्या मते फार हुशार तोडगा काढला: एकास एक अदलाबदल. तुला पाळी बदलायची? बदल, पण तुझ्या जागी दुसरा माणूस आण. टीम लीडरची सही घे, मी टिक करते. दहा गेले, दहाच गेले. हिशेब साफ.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नितेश सहा चिठ्ठ्या घेऊन आला. नितेश मराठीच्या बारा जणांचा टीम लीडर. वाचल्याशिवाय सही करणं हा त्याचा मोठेपणा होता.

"सहा? एकदम?" अक्षता म्हणाली.

"अगं, एकास एकच आहेत सगळ्या. टीम-बाँडिंग म्हणतात याला."

अक्षताने मोजलं. साडेबाराचे तीन दीडला, दीडचे तीन साडेबाराला. एकचे तीन दीडला, दीडचे तीन एकला. प्रत्येक पाळीत दहाच्या दहा. तिने सहा टिका केल्या, हिरव्या शाईने.

साडेबाराला मराठीची रांग भिंतीवरच्या आकड्यांच्या बोर्डावर अशी हिरवी झाली की बघतच राहावं. शंभर टक्के! एकलाही तेच. हिंदीची रांग जराशी धापा टाकत होती, पण ऐंशीवर होती. मुकुल सर राजेशला घेऊन बोर्डासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमचं प्लॅनिंग." अक्षताने मान खाली घालून ते कौतुक पदरात घेतलं. मराठी इतकी हिरवी का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही. चांगल्या आकड्याची चौकशी कोण करतो?

एक वाजून बत्तीस मिनिटांनी ऑलिव्ह परेराचा मेसेज आला: "पँट्रीत ये. तुझी वाटी काढलीय."

ऑलिव्ह मरोळ गावठाणातली, मराठीच्या रांगेतली सगळ्यात जुनी. दर बुधवारी घरून मोठा डबा आणायची. आज ओल्या बोंबलांचं कालवण होतं. खालच्या मजल्यावरच्या पँट्रीत मायक्रोवेव्हवर 'येथे मासे गरम करू नयेत' अशी पाटी होती, म्हणून ते दर बुधवारी तिथेच गरम होत आणि पाटीवर ओढणी टाकली जाई. हिंदीच्या रांगेतली शाकाहारी मंडळी त्या वासाने हैराण व्हायची.

बोर्ड हिरवा होता. अक्षताने विचार केला, पाच मिनिटं.

टेबलाभोवती दाटीवाटी होती. ऑलिव्हने भातावर कालवण ओतलं. "खा गं, तुझ्या घशाला बरं. मऊ आहे."

अक्षताने पहिला घास घेतला. झकास होता. दुसरा घास उचलताना, नियोजनाच्या खुर्चीने लावलेल्या सवयीने, तिने टेबलावरची डोकी मोजली. ऑलिव्ह, दशरथ, नितेशची ती दोन नवीन पोरं... सात, आठ, नऊ. शिवाय कोपऱ्यात मुगाची उसळ घेऊन पाठ फिरवून बसलेला हिंदीचा एकटा गुप्ता. दहा. बरोबर.

मग तिने चेहरे मोजले.

नऊच्या नऊ मराठीच्या रांगेतले.

बोंबील घशात अडकायला काटा लागत नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिने सकाळभर माणसं मोजली होती. भाषा मोजलीच नव्हती. शाकाहाऱ्यांना बुधवारी दीडची वेळ नकोच होती, माशाच्या पंगतीला तीच हवी होती, दोघांनी खुशीने अदलाबदल केली होती. आणि वर, फोनवर, मराठीचे तीन जण बसले होते. तिघांत अर्ध्या तासाचे वीस कॉल होतात. येतात चाळीस.

"उठा!" ती म्हणाली. "वर तिघंच आहेत. मराठीची वाट लागली."

"अगो, जेवच्या वेळार मोजणी कसली?" दशरथ बोटं चाटत म्हणाला. दशरथ मालवणकडचा, आणि हक्कांच्या बाबतीत वकील. "अर्धा तास आमचा. तुझ्याच टिकेचा."

त्याचं खरं होतं. तीच तर पंचाईत होती. फक्त ऑलिव्ह उठली. अर्धा भात तसाच ठेवून तिने बेसिनवर हात धुतले. "डबा माझा होता. चल."

वर बोर्ड लाल झाला होता. सात जण रांगेत, पहिला चार मिनिटांपासून. अक्षताने एक क्षण आपल्या खुर्चीकडे बघितलं, आणि शेजारच्या टेबलावरचा हेडफोन उचलून डोक्यावर चढवला. फोनवर परत जावं लागू नये म्हणून ती फोनवर परत गेली.

"नमस्कार, मी अक्षता, काय मदत करू?"

"तुम्ही सगळे जेवायला गेला होता का हो?" दहिसरहून एक बाई म्हणाल्या.

"हो," अक्षता म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने ग्राहकाला सरळ उत्तर दिलं होतं.

दोन वाजेपर्यंत तिने पाच कॉल घेतले. आकडा आला: त्रेचाळीस कॉलपैकी वीस सेकंदांत उचललेले तेरा. म्हणजे तीस टक्के.

मुकुल सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं. दार लावून बोललेलं बहुतेक वेळा उघड्या दाराने बोलायच्या लायकीचं नसतं.

"सर्व्हर डाऊन लिही," ते म्हणाले. "कंपनीच्या करारात आहे, तांत्रिक बिघाडाचा अर्धा तास मोजत नाहीत. तुझी खुर्ची वाचेल, माझी मान वाचेल. राजेश आत्ता जेवतोय."

तिला मोह झाला नाही असं नाही. घशाने तर आधीच होकार दिला होता, तो आतून दुखत होता. पण डोकं हिशेबाचं.

"सर, सर्व्हर डाऊन होता तर मी पाच कॉल कशावर घेतले? रेकॉर्डिंग आहे पाचांचं. आणि एकात तर मी म्हटलंय, की हो, सगळे जेवायला गेलेत."

मुकुल सरांनी डोळे मिटले. "असं का म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं."

राजेश जेवून आला तेव्हा अक्षताने त्याच्यासमोर सहा चिठ्ठ्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. साडेबाराचे शंभर टक्केही सांगितले, कारण तेव्हा मराठीचे बाराही जण फोनवर होते, तीही तीच चूक. तेवढ्यासाठी मुकुल सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या लग्नाचा अल्बम फाडला.

"उद्यापासून?" राजेशने विचारलं.

"अदलाबदल मराठीला मराठी, हिंदीला हिंदी. मराठीचे तीनच बाहेर, काही झालं तरी."

गुरुवारी आणि शुक्रवारी दोन्ही रांगा प्रत्येक अर्ध्या तासाला ऐंशीच्या वर राहिल्या. शंभर कुठेच नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुकुल सर म्हणाले, "खुर्ची तुझी. मीच राजेशला सांगितलं, चूक शोधणारं माणूस हवं." मग घसा खाकरला. "पण तो म्हणतो, मराठीच्या नवांना दहावं माणूस हाताशी असावं. तर साडेबारा ते अडीच हेडफोन..."

"दीड ते दोन," अक्षता म्हणाली. "बोर्ड लाल झाला तरच. डॉक्टरांच्या चिठ्ठीत तेवढंच बसतं."

"बरं, बरं. तेवढंच."

पुढच्या बुधवारी ऑलिव्हचं कालवण चार पाळ्यांत वाढलं गेलं. साडेबाराच्यांना तुकडे मिळाले, एकच्यांनाही मिळाले, दीडच्यांना डोकी-शेपट्या, आणि नव्या अदलाबदलीत दोनच्या पाळीत गेलेल्या दशरथला नुसता रस्सा. तो भातावर ओतून त्याने पँट्रीतूनच जाहीर केलं, की ह्या ऑफिसात कष्टकऱ्याला न्याय नाही.

अडीचला बोर्ड हिरवा होता. मग अक्षताच्या लक्षात आलं की तिला भूक लागली आहे. तिने तक्ता उघडला. चाळीस नावं, चाळीस वेळा. तिचं नाव कुठेच नव्हतं. तीन महिन्यांत तिने स्वतःला जेवायला पाठवलंच नव्हतं. तिने एकेचाळिसावी ओळ घातली: अक्षता परब, अडीच. मंजुरीच्या रकान्यापाशी क्षणभर थांबली, मराठीचे किती जण फोनवर आहेत ते नावानिशी मोजलं, बारा, आणि टिक केली.

पँट्रीत एका झाकलेल्या वाटीवर ऑलिव्हच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'हिला हात लावाल तर बघा.' आत एक अख्खा बोंबील होता. अक्षताने पाटीवर ओढणी टाकली आणि मायक्रोवेव्ह लावला.