तिसऱ्या बोर्डाचा इनपुट इम्पिडन्स

तिसऱ्या बोर्डावर एक ट्रान्झिस्टर, पाच रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि आठ टर्मिनल होते. झाकणाच्या आतल्या बाजूला एक टंकलिखित कार्ड चिकटवलेलं होतं आणि त्यावर चार आकडे होते. प्रयोगशाळेत असे नऊ बोर्ड. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी नऊ टेबलं, नऊ विद्यार्थी, बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई, मी आणि मामा.

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. ते कोणाचेच मामा नाहीत, पण प्राचार्यही त्यांना मामाच म्हणतात. मी गेल्या वर्षी पदवी घेतली आणि इथेच प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. मामांच्या मते माझ्यात एकच दोष आहे, मी मोजल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही.

तिसऱ्या टेबलावर जी मुलगी बसली होती तिला वर्गात सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, सडपातळ आणि बोलायलाही तितकीच सरळ. ऐन प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात ती आजारी पडली, म्हणून गेल्या वर्षी तिचं वर्ष राहिलं. ही दुसरी संधी होती आणि नियमाप्रमाणे तिसरी नव्हती. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण हातात पदविका असेल तरच.

प्रश्न नेहमीचाच. कार्डावरचे चार हायब्रिड पॅरामीटर वापरून ट्रान्झिस्टरचा करंट गेन, म्हणजे करंट किती पट होतो ते, आणि इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, काढायचा, मग दोन्ही बोर्डावर मोजायचे. हिशोब आणि मोजमाप यांत पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की प्रयोग नापास.

परीक्षक बाईंनी तोंडी परीक्षा घेतली तेव्हा मी शेजारच्या टेबलाची प्रोब बदलत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"हायब्रिड का म्हणतात?"

"आकडे एका जातीचे नाहीत म्हणून," फूटपट्टी म्हणाली. "ट्रान्झिस्टर म्हणजे दोन दारांची बंद पेटी धरायची. इकडून सिग्नल आत, तिकडून बाहेर. एच-आय-ई ओहममध्ये, तो इनपुटचा. एच-ओ-ई सीमेन्समध्ये, तो आउटपुटचा. बाकी दोघांना एककच नाही. एच-एफ-ई म्हणजे बेसचा करंट कलेक्टरला किती पटीने दिसतो ते, आणि एच-आर-ई म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज किती अंशाने मागे इनपुटला येतं ते."

"आउटपुट शॉर्ट करून एच-आय-ई मोजतात म्हणे. मग कलेक्टरला वायर लावायची का सरळ?"

"नाही, मॅडम. कपॅसिटरने करायचा. सिग्नलसाठी शॉर्ट, पण डीसी जागच्या जागी. वायर लावली तर बायसच जाईल, मग मोजणार काय?"

बाईंनी मान हलवली. "हं. हिशोब दाखव."

हिशोब मला पाठ होता. एच-आय-ई दोन हजार सहाशे ओहम, एच-आर-ई दहा हजारांत अडीच, एच-एफ-ई शंभर, एच-ओ-ई पंचवीस मायक्रोसीमेन्स, लोड चार किलोओहम. एच-ओ-ई गुणिले लोड म्हणजे शून्य पूर्णांक एक. म्हणून करंट गेन शंभर भागिले एक पूर्णांक एक, म्हणजे एक्क्याण्णव, चिन्ह ऋण. मग इनपुट इम्पिडन्स: दोन हजार सहाशेमध्ये एच-आर-ई, गेन आणि लोड यांचा गुणाकार मिळवायचा. गेन ऋण असल्याने एक्क्याण्णव वजा होतात. दोन हजार पाचशे नऊ ओहम.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि मोजलेलं?"

"गेन चौऱ्याण्णव. इम्पिडन्स चार हजार तीनशे ऐंशी."

बाईंनी चष्मा काढला. "जवळजवळ दुप्पट आलंय, बाळ. एकीकडे पीक-टू-पीक घेतलंस आणि दुसरीकडे आरएमएस, असं तर नाही?"

"दोन्हीकडे तोच मीटर, तीच सेटिंग. सोर्सला दहा मिलीव्होल्ट, मधे तेहेतीसशे ओहमचा रेझिस्टर, बेसला पाच. बायसचे दोन रेझिस्टर त्यातून वजा केले. तीनदा घेतलं."

"मग उत्तर असं का येतं?"

"ते नाही कळलं मला," फूटपट्टी म्हणाली. "पण आलं ते हेच."

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली केली आणि त्या चौथ्या टेबलाकडे वळल्या. फूटपट्टी जागची हलली नाही. मामा तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अगं, बेसला तीन पूर्णांक नऊ लिहायचं की. सगळे तेच लिहितात. एवढं गणित येतं तुला, उत्तरावरून उलटं नाही करता आलं?"

"आलं असतं, मामा. पण मीटर पाच म्हणतोय."

मी कपाटातून तिसऱ्या बोर्डाची वही काढली. त्या सत्रात अकरा जणांनी या बोर्डावर हा प्रयोग केला होता आणि अकराही जणांचा इनपुट इम्पिडन्स चोवीसशे साठ ते पंचवीसशे नव्वद यांच्या दरम्यान होता. म्हणजे बोर्ड चांगला आणि मुलगी चुकली, असाच अर्थ निघत होता. मी वही मिटणारच होते.

पण गेन माझ्या डोक्यातून जात नव्हता. मोजताना घोळ घातला असता तर दोन्ही आकडे बिघडले असते, कारण गेनसाठी बेसचा करंट त्याच दोन वाचनांतून काढावा लागतो. गेन जवळपास जसाच्या तसा आणि इम्पिडन्स मात्र पावणेदोन पट. असं कधी होईल? एच-एफ-ई कलेक्टरच्या डीसी करंटबरोबर फारसा बदलत नाही. एच-आय-ई मात्र त्याच्या व्यस्त प्रमाणात असतो: शंभर गुणिले सव्वीस मिलीव्होल्ट, भागिले करंट. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'कलेक्टर करंट एक मिलिअँपियर'. ही ओळ कोणी वाचत नाही आणि तो करंट कोणी मोजतही नाही, कारण तो प्रश्नात विचारलेला नसतो.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. दुरुस्तीच्या नोंदी तिथे असतात. 'बोर्ड तीन. एमिटर रेझिस्टरचा पाय तुटला. बदलला. १.२ किलोओहम.' तारीख सहा आठवड्यांपूर्वीची, अक्षर माझं.

तो दिवस मला आठवत होता. ड्रॉवरवर एक पूर्णांक दोन असं लिहिलेलं होतं. मी हात घातला, एक रेझिस्टर उचलला आणि डाग दिला. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे त्याची किंमत सांगतात; पहिला पट्टा तपकिरी असणार, हे मी पाहिलं नव्हतं, धरून चालले होते. आता भिंग लावून पाहिलं. लाल, लाल, लाल. बावीसशे ओहम, म्हणजे कलेक्टर करंट जवळजवळ निम्म्यावर.

वहीतल्या अकरा जणांच्या तारखा त्या नोंदीनंतरच्या होत्या.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनाही कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे अकराच्या अकरा जणांनी मीटर न बघताच..."

"हो."

"आणि ही एकटी..."

"हो, मामा."

ते माझ्याजवळ सरकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी, अजून तू कायम झालेली नाहीस. रेझिस्टर मी बदलतो गुपचूप, तू बाईंना सांग की बोर्ड नादुरुस्त होता, हिला दुसरा द्या. कोणाच्या नावाने काही येणार नाही."

विचार वाईट नव्हता. पण दुसऱ्या बोर्डावर फूटपट्टीला पंचवीसशे मिळाले असते, म्हणजे दुसऱ्या वेळी तिला मोजता आलं, इतकंच कागदावर राहिलं असतं. पहिलं मोजमाप चुकीचंच ठरलं असतं. आणि ते चुकीचं नव्हतं.

मी वही घेऊन परीक्षक बाईंकडे गेले. "मॅडम, तिसऱ्या टेबलाबद्दल. कार्ड म्हणतं ते सर्किट त्या बोर्डावर नाही. एमिटरला बाराशेच्या जागी बावीसशे ओहम आहेत. मी बसवले आणि नोंद चुकीची केली."

त्यांनी नोंद वाचली, पानं मागे उलटून त्या अकरा ओळी वाचल्या, आणि पुन्हा नोंद वाचली. "हे अकरा जण कुठल्या बोर्डावर बसले होते म्हणता?"

"याच."

"मग मुलांना भविष्य कळतं म्हणायचं," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी सोल्डरिंग गनकडे हात नेला तर त्यांनी थांबवलं. "हात लावू नका. आहे तसंच राहू दे. ये गं, इकडे बस. एमिटरचं डीसी व्होल्टेज सांग."

फूटपट्टीने मीटर लावला. "एक पूर्णांक दोन सहा व्होल्ट."

"आता सप्लाय बंद करून रेझिस्टर मोज."

"दोन पूर्णांक एक नऊ किलोओहम."

"म्हणजे करंट?"

"शून्य पूर्णांक पाच सात पाच मिलिअँपियर." तिचा आवाज बदलला होता. ती आता मागे टेकून बसली नव्हती. "मॅडम, मग एच-आय-ई सव्वीसशे कुठून असेल? सव्वीसशे भागिले हा आकडा. चार हजार पाचशे वीस."

"एच-ओ-ई?"

"तोही करंटबरोबर उतरणार. पंचवीसचा सुमारे चौदा. मग गेन..." तिने कॅल्क्युलेटर दाबला. "पंच्याण्णवला थोडा कमी. मला चौऱ्याण्णव आला होता. एच-आर-ई तोच धरला तर चार हजार पाचशे वीसमधून पंच्याण्णव जातील. चार हजार चारशे पंचवीस."

बाईंनी स्वतः कागद ओढला. बायसचे दोन रेझिस्टर, ब्याऐंशी आणि सोळा किलोओहम, समांतर धरले की तेरा पूर्णांक चार. ते चार हजार चारशे पंचवीसशी समांतर म्हणजे तेहेतीसशे तीस. सोर्सच्या वाटेतले तेहेतीसशे आणि पुढे हे तेहेतीसशे तीस. कागदावर त्यांनी दोन आकडे एकाखाली एक लिहिले. कार्ड खरं असेल तर बेसवर तीन पूर्णांक नऊ. आताचा हिशोब खरा असेल तर पाच.

"मीटर मी लावते," त्या म्हणाल्या. "तू लांब हो जरा. आणि मामा, तुम्ही सोर्स बघा. दहा मिलीव्होल्ट, एक किलोहर्ट्झ. कमी नको, जास्त नको."

"दहा म्हणजे दहाच," मामा म्हणाले. "या पोरीच्या हाताखाली वर्षभर काढलंय मी."

बाकीच्या आठ टेबलांवरचे विद्यार्थी आपापलं काम सोडून इकडे बघत होते. बाईंनी कागदावरची पेन्सिलची फुली खोडरबराने पुसली नाही आणि तिच्याभोवती गोलही केला नाही. त्यांनी सप्लाय चालू केला, एमिटरचा कपॅसिटर भरायला अर्धं मिनिट दिलं आणि प्रोबचं टोक बेसच्या टर्मिनलवर टेकवलं.

सोर्स दहा पूर्णांक शून्य मिलीव्होल्ट. बेस पाच पूर्णांक शून्य मिलीव्होल्ट.