सात नंबरची नळी

मी मालती. सुरतेत पर्वत पाटियाच्या एका लॅबमध्ये वीस वर्षं टेक्निशियन होते. माझ्या हातावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या डॉक्टर वसंतरावांना हृदयविकाराच्या अभ्यासासाठी पॉवरलूमवरच्या कामगारांचं रक्त हवं होतं. आमच्या डिंडोली वस्तीतली चाळीस माणसं मी जमवली, सुट्टीच्या सकाळी, उपाशीपोटी. पहिला हात पुढे केला माझ्या दिरानं, हिलालनं. "वहिनी, फुकट नको जायला," एवढंच म्हणाला.

त्या रक्तात मोजायचं होतं सीआरपी, म्हणजे अंगात सूज असली की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन. आमची काचेच्या पट्टीवरची जुनी चाचणी लिटरमागे सहा मिलिग्रॅमच्या खाली आंधळीच. न्यूमोनियाला ती पुरे, तिथं आकडा शंभरावर जातो. पण धडधाकट माणसात हृदयाचा धोका बघायचा तर एक आहे की तीन, हेच कळायला हवं. म्हणून नवं किट आलं. त्यात लॅटेक्सचे बारीक मणी, त्यांवर सीआरपीला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली. थोडंसं सीआरपी मिळालं तरी मणी एकमेकांना धरतात, मिश्रण गढूळ होतं आणि उजेड किती अडला ते यंत्र मोजतं.

डॉक्टरांना पटेना. "सहाच्या खालची यंत्राची बडबड असते, मालतीबाई. किट परत पाठवतो."

किट परत म्हणजे फ्रीजरमधल्या सीरमच्या, रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळ्या पाण्याच्या, चाळीस नळ्या मोरीत. माझा पारा चढला. "तुम्हीच नळ्या द्या, नावं काढून. मी मोजते," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहा नळ्या दिल्या, नुसते नंबर घातलेल्या. सीआरपी किती ते आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित द्रावणांवरून मी आलेख काढला आणि प्रत्येक नळी दोनदा लावली. तीन नंबर: ३.२, ३.१. सात नंबर: १.६, १.६. सातवीचा पिवळेपणा मला सकाळीच फिका वाटला होता.

"सातवी म्हणजे तिसरीच," मी कागद पुढे ठेवला. "निम्मं सलाईन घातलंत तुम्ही. रंग उतरला आणि आकडाही बरोबर निम्मा झाला. बडबड असती तर असा हिशेब जुळला नसता."

डॉक्टरांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं: सात म्हणजे तीन, निम्मी. ते कानकोंडे झाले, आणि मला मनापासून बरं वाटलं. का वाटू नये?

आठवड्यात चाळीसही नळ्या झाल्या. जुन्या रजिस्टरात त्याच माणसांपुढे चाळीस वेळा 'निगेटिव्ह' लिहिलेलं होतं. नव्या पानावर आकडे होते. हिलालचा ३.४, म्हणजे जास्त धोक्यातला. डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावलं, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासलं आणि बिडी सोडायला लावली.

अहवालावर सही करायच्या वेळी त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "मोजलं तुम्ही. आधी तुमचं नाव."

मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.