घड्याळ पोचलं, दादा

दादा, तू रॉटरडॅमहून पाठवलेलं घड्याळ पोचलं. मनापासून आभार. ते आप्पांच्या हाताला बांधलं आणि आमच्या घरात एकच नाडी उरली. ज्याच्या हातात घड्याळ, त्याची.

आधी कळलंच नाही. आईला चक्कर आली म्हणून डॉक्टर साठेबाईंना बोलावलं. त्यांनी आईचं मनगट चाचपलं, मग माझं. "तुम्ही पाळी लावून घ्या," एवढंच म्हणाल्या.

तशी लावली. सकाळी फिरायला जाताना आप्पा घालतात. मग आई स्वयंपाकाला, शाळेच्या वेळेत मी. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, कातडीला टेकलेला हवा. सैल राहिला तर मागचा हिरवा दिवा रक्त नीट वाचत नाही आणि घालणाऱ्याचे ओठ पांढरे पडतात. बाकीचे दोघं गार असतात, पण कामं होतात.

चार्जिंगला मात्र हातातून काढावंच लागतं. गोल चकतीवर ठेवलं की लोहचुंबकासारखं चिकटतं, हिरवा दिवा विझतो. तेवढा वेळ आम्ही तिघं सोफ्यावर नाडीविना बसतो. एकदा वीज गेली, चार्जिंग लांबलं. आप्पांची नखं निळी झाली. पुन्हा बांधलं, तर त्यानं आधी पिन मागितली. आई ती चुकीची दाबत राहिली; शेवटी मी दाबली.

गेल्या आठवड्यात आई मोरीत पडली. तिच्या हातातलं घड्याळ थरथरलं, पडलात का म्हणून विचारू लागलं. ती हलली नाही, तेव्हा त्यानं खोलीतल्या फोनवरून तुला कॉल लावला, कारण आपत्कालीन नंबर तुझाच घातलाय. तू "हॅलो, आई?" म्हणालास. आई उठून बसली.

त्याच दिवसापासून पडद्यावरच्या नाडीच्या आलेखात दोन रेषा आहेत.

काल वहिनींचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला. म्हणाल्या, "यांचा हात बर्फासारखा लागतोय. शर्मिष्ठा, ते घड्याळ परत पाठवाल का?"

"पाठवतो," आई म्हणाली.

"वाटेत ते कुणाच्या हातात असणार?" मी विचारलं. "काढलं की थांबतं. रॉटरडॅमला पोचेपर्यंत तुझं काय, आप्पांचं काय? दादाचं तरी?"

आईनं पूर्ण चार्ज करून घड्याळ हाताला बांधलं, पट्टा एक भोक घट्ट केला. आप्पांनी कपाटावरून खोकं काढलं, त्यात जुनी चादर अंथरली.

आता कुरियरवाला दारात उभा आहे. आईनं कोपरापर्यंत हात खोक्यात घातलाय; वाटेत घड्याळ याच हातात असणार. आत हिरवा उजेड लुकलुकतोय.

"टेप लाव," ती मला म्हणतेय. "आणि आता जरा मागे सर."