नाव नसलेला अंगठा

आई दवाखान्यात त्वचेच्या खोलीत नर्स आहे, आणि तिचा निम्मा दिवस लोकांच्या नखांचे फोटो काढण्यात जातो. त्वचेच्या डॉक्टरीणबाई बसतात मोठ्या रुग्णालयात. आमच्या दवाखान्यात त्या येत नाहीत. आई फोटो पाठवते आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर येतं. शाळा सुटली की मी त्या खोलीतल्या स्टुलावर अभ्यास करते, म्हणजे वही उघडून सगळं ऐकते.

त्या दिवशी रांग संपता संपत नव्हती. एका आजोबांच्या पायाचं नख जाड, पिवळं, कडेने भुगा होत आलेलं. आजोबा म्हणाले, मला नुसत्या गोळ्या द्या. आईने थकल्या आवाजात सांगितलं की आधी नखाचा तुकडा तपासायला जाईल, बुरशी नक्की झाली की मगच गोळ्या. नेलपॉलिश लावून आलेल्या एका काकूंना तिने ते पुसायला लावलं. प्रत्येकाला तीच वाक्यं: हात खिडकीपाशी धरा, हलवू नका, नखाच्या कडेची कातडीही दिसू द्या. शेवटी शेवटी तर ती रेल्वेच्या घोषणेसारखी बोलत होती.

मधेच काम आटोपून मावशी आली. ती आईची धाकटी बहीण, पलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करते आणि आमच्याकडेच राहते. संध्याकाळी आम्ही तिघी बरोबर घरी जातो. कॅमेरा धूसर दिसायला लागला की आई जो हात जवळ असेल त्याचा एक फोटो काढून बघते. नेहमी तो माझा असतो, पण माझ्या बोटांना शाई होती. मग आईने मावशीचा अंगठा धरला, फोटो काढला, ठीक आला म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं. मावशी पुटपुटली, "घ्या, फुकटात मॉडेल झाले."

मावशीच्या नखांना सोरायसिस आहे. शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक बारीक खड्डे, दोन नखं टोकाला सुटलेली. इतकी वर्षं आहे की आता कुणी बघतसुद्धा नाही.

खोली रिकामी झाल्यावर आईने दिवसभराचे फोटो एकदम निवडून पाठवले आणि खुर्चीत डोळे मिटून बसली. उत्तरं आली ती मीच वाचून दाखवत होते. आजोबांचा तुकडा तपासा. काकूंचं सोरायसिस वाटतं, सांधे दुखतात का विचारा. आणि मग एक: या फोटोला नाव नाही. अंगठा कुणाचा? काळी पट्टी एकाच नखात आहे का? फोटोवरून नक्की सांगता येणार नाही, मला प्रत्यक्ष बघायचंय. उद्याच पाठवा.

आईने डोळे उघडले. फोन घेतला, फोटो मोठा केला आणि मावशीचा हात ओढून दिव्याखाली धरला. खड्ड्यांमधून एक काळपट पट्टी मुळापासून टोकापर्यंत गेली होती. मुळाशी कातडीवरही सावलीसारखा रंग उतरला होता. बाकी नऊ नखांत अशी पट्टी नव्हती.

"ताई, जुनंच आहे गं ते," मावशी म्हणाली. "टेबलाच्या फटीत चेमटला असेल."

"खड्डे जुने आहेत. ही पट्टी नाही. मार बसला असता तर नख वाढताना डाग पुढे सरकला असता. ही मुळातूनच येतेय. कधीपासून आहे?"

मावशीने खांदे उडवले. मग हळूच म्हणाली, "आधी केसाएवढी होती."

आई खाली बसली. दिवसभर परक्यांची नखं बघते आणि तू रोज माझ्यासमोर जेवतेस, एवढंच म्हणाली, तेही स्वतःशीच. मला रडू येत होतं, पण त्या दोघी इतक्या दमलेल्या होत्या की रडायलाही जागा नव्हती.

मी विचारलं, कॅन्सर आहे का. आई म्हणाली, माहीत नाही; अशा पट्ट्या कितीतरी जणांना असतात आणि काही होत नाही. पण एकाच नखात नवी आली, रुंद होत गेली, कातडीवर उतरली, तर बघावंच लागतं. डॉक्टरीणबाई भिंगातून बघतील, लागलं तर छोटा तुकडा काढतील.

मावशीला सुट्टी नको होती. उद्या हॉटेलच्या चादरींचा ढीग येणार, मालक बोलेल, पुढच्या आठवड्यात जाऊ. आईने वाद घातला नाही. "चिमणे, मला झोप लागायची नाही," म्हणाली. मावशीचं लहानपणीचं ते नाव मी आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मावशीने अंगठा पुन्हा एकदा दिव्याखाली धरून बघितला. मग तिने स्वतःच मालकाला फोन लावला. उद्या येत नाही म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"हो, नखासाठीच," मावशी म्हणाली. "हसून झालं असेल तर चादरी दुसऱ्या कुणाला तरी सांगा."