नववी, आठवी आणि खव्याची जिलबी

शिकवण्या मी बंद केल्या आहेत, हे जबलपुरातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. तरी दीपा दोन मुलींना घेऊन दारात आली आणि मी मेथी निवडता निवडता फसले. भंडाऱ्याच्या कारखान्यातून तिच्या नवऱ्याची इकडे बदली झाली होती. मुली तिकडे मराठी शाळेत होत्या, इथे इंग्रजीत घातल्या. धाकटी शरयू आठवीत सहज बसली. थोरल्या स्वानंदीला मात्र शाळेने नववीत तात्पुरतं घेतलं होतं. तिमाही परीक्षेत इंग्रजीत पास झाली तर ठेवू, नाहीतर आठवीत बसवू, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"आठवीत म्हणजे हिच्या वर्गात, काकू," दीपा म्हणाली आणि शरयूकडे बोट केलं. "धाकट्या बहिणीच्या वर्गात! कशी बसंल पोर?"

स्वानंदी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. मला ते बघवलं नाही. उद्यापासून ये, म्हटलं. आतल्या खोलीतून आमच्या यजमानांचं, म्हणजे रत्नाकररावांचं खोकणं ऐकू आलं. आमच्याकडे त्या खोकण्याचा अर्थ 'झालं, पुन्हा सुरू' असा होतो.

मी केंद्रीय शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आहे. चुकीची इंग्रजी ऐकली की मला भातात खडा लागल्यासारखं होतं. हा माझा दोष आहे आणि तो आता जायचा नाही. स्वानंदीचं बाकी इंग्रजी साधंच होतं, पण सुधारण्यासारखं. शब्द येत होते, धडा कळत होता. अडलं ते अॅक्टिव्ह-पॅसिव्हवर. नववीच्या बाईंनी तिमाहीत त्यावर भला मोठा प्रश्न येणार असं बजावून ठेवलं होतं.

मी माझी नेहमीची पद्धत काढली. आधी कर्म पुढे आणायचं, मग काळाप्रमाणे is, was वगैरे लावायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, आणि कर्ता by लावून शेवटी पाठवायचा. पोरीने ते धडाधड पाठ केलं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि वाक्य दिलं की माती खायची. वाक्य अॅक्टिव्ह आहे की पॅसिव्ह ते ओळख आणि बदल, एवढंच काम होतं. Meera opened the door असं मी दिलं. तिने पुढे 'पॅसिव्ह' लिहिलं आणि बदलून Meera opens the door केलं!

"अगं, हे काय? काळ बदलायला सांगितला होता का मी?"

"नाही, काकू."

"मग?"

खाली मान. मी तेच पुन्हा समजावलं, जरा मोठ्या आवाजात. शिकवणाऱ्या माणसाला दुसरं सुचलं नाही की तो आवाज वाढवतो. दुसऱ्या दिवशी Atul wrote a letter चंही तेच झालं. पॅसिव्ह म्हणे, आणि बदलून Atul writes a letter.

शरयू शेजारी बसून आपला अभ्यास करायची. करायची म्हणजे तोंडाचा पट्टा सोडून बसायची. दोन महिन्यांत तिला जबलपूरची हवा पुरती लागली होती. बोलताना मध्येच 'अच्छा', मध्येच 'अरे यार'. ताई चुकली की ही लगेच म्हणायची, "चलो, ये ना ताई माझ्या वर्गात. मजा येईल. खिडकीजवळचा बेंच आहे माझा."

स्वानंदीचा चेहरा पडायचा. एकदा माझा पारा चढला. "आगाऊ कार्टे, बहिणीची चेष्टा करतेस? जा, बाहेर अंगणात बसून वाच," म्हणून मी तिला खरोखरच बाहेर काढलं. ती पुस्तक उचलून गेली.

परीक्षा आठवड्यावर आली. मी दहा वाक्यं दिली आणि तपासायला घेतली. पुन्हा लाल रेघा. लाल पेन टेबलावर आपटणार, तेवढ्यात एका वाक्यावर नजर थांबली. Meera forgot the book. हे अॅक्टिव्ह आहे असं तिने ओळखलं होतं आणि The book was forgotten by Meera असं बिनचूक बदललंही होतं. वर्तमानकाळाची तर सगळीच बरोबर होती. भूतकाळातली opened, wrote, broke चूक, आणि forgot मात्र बरोबर! ढ मुलगी चुकते ती कशीही चुकते. ही नियमाने चुकत होती.

मी पेन खाली ठेवलं. इतके दिवस मी तिला सांगत होते, विचारलं एकदाही नव्हतं.

"स्वानंदी, Meera opened the door. मराठीत सांग बरं."

"मीराने दार उघडलं."

"मग हे पॅसिव्ह काहून म्हणतेस?"

तिच्या भाषेतलं 'काहून' माझ्या तोंडून ऐकून तिला हसू आलं. मग म्हणाली, "कर्मणी आहे ना, काकू. मीराने दरवाजा उघडला, मीराने खिडकी उघडली. क्रियापद कर्माच्या मागे जाऊन राहिलं. म्हणजे कर्मणी प्रयोग. आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असं गाइडात होतं. आणि 'मीराने' म्हणजे by Meera च ना? मग मी त्याचं कर्तरी केलं. मीरा दार उघडते."

"आणि forgot?"

"मीरा पुस्तक विसरली. तिथे 'ने' कुठे आहे? कर्तरी आहे ते."

मी खुर्चीतच मागे टेकले. पोरीचं मराठी व्याकरण चोख होतं. नेमकं तेच तिला इंग्रजीत बुडवत होतं, आणि मी वरून ओरडत होते. मला तिची कीव आली, आणि कौतुकही वाटलं.

"मग आमच्या सरांनी शिकवलेलं खोटं होतं का?" तिने घाबरत विचारलं.

"मुळीच नाही. मराठीसाठी ते अगदी खरं आहे. फक्त नाव सारखं लावलं म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. थांब."

रत्नाकररावांनी सकाळी खव्याची जिलबी आणली होती. मी ती बशीत काढली, तीन खुर्च्या ओळीत मांडल्या आणि त्या दिवसापासून अंगणातच वाचत बसणाऱ्या शरयूला हाक मारली. तिला पहिल्या खुर्चीत बसवलं, बशी तिसऱ्या खुर्चीवर ठेवली. मधल्या खुर्चीवर कागदाचा तुकडा, त्यावर ate.

"Sharayu ate the jalebi. मराठीत?"

"शरयूने जिलबी खाल्ली."

"लाडू असता तर?"

"खाल्ला."

"पेढे असते तर?"

"खाल्ले."

"आणि इंग्रजीत?"

स्वानंदी थांबली. "ate. ate. ate." मग हळूच म्हणाली, "त्याला काही फरकच पडत नाही."

"इंग्रजीला जिलबीशी देणंघेणं नाही. करणारी पहिल्या खुर्चीत बसली आहे ना? मग अॅक्टिव्ह. काल खाल्ली काय, आज खाल्ली काय. आपला 'ने' म्हणजे त्यांचा by नव्हे. आता मराठीत 'जिलबी शरयूने खाल्ली' असं फिरवलं तर?"

"अर्थ तोच राहतो."

"कारण 'ने' शरयूला चिकटून तिच्याबरोबर जातो. इंग्रजीकडे 'ने' नाही. त्यांच्याकडे खुर्चीच सगळं सांगते. नुसती अदलाबदल करून बघ."

तिने बशी पहिल्या खुर्चीवर ठेवली आणि शरयूला तिसरीत ढकललं. "The jalebi ate Sharayu... अगं बाई!"

"जिलबीने मला खाऊन टाकलं!" शरयू किंचाळली. आतून रत्नाकररावही हसले.

"म्हणून जिलबीला पुढे बसवायचं असेल, तर मधला कागद बदलावा लागतो." मी was eaten लिहून ठेवलं आणि शरयूच्या हातात by चा तुकडा दिला. "आता मराठीत याच्या जवळचं वाक्य कुठलं?"

ती खुर्च्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "शरयूकडून जिलबी खाल्ली गेली."

"शाब्बास! ते 'गेली' आलं की समज, तू पॅसिव्हच्या दारात आहेस. घरात आपण असं बोलत नाही. पण चोर पकडला गेला, रस्ता बंद केला गेला, असं म्हणतोच ना? कोणी केलं ते महत्त्वाचं नसतं, किंवा माहीत नसतं. शरयू, ऊठ खुर्चीतून. बघ, ती गेली तरी The jalebi was eaten हे वाक्य उभं आहे."

"असं कसं? कोणी खाल्ली ते कळायला नको?" रत्नाकररावांनी बाहेर येत विचारलं आणि जाता जाता बशीतली एक उचलली.

त्या आठवड्यात स्वानंदी प्रत्येक वाक्याला आधी एकच प्रश्न विचारायला शिकली. पहिल्या खुर्चीत कोण बसलंय, करणारा की ज्याच्यावर काम झालं तो? चुका एकदम थांबल्या नाहीत. पण चुकली की आता तिची तिलाच कळायची, आणि ओढणीची गाठ मी पुन्हा पाहिली नाही.

निकाल लागला त्या संध्याकाळी दीपा पेढ्यांचा पुडा घेऊन आली. स्वानंदी पास झाली होती, चांगली पास झाली होती, नववीत राहणार होती. माझा जीव भांड्यात पडला. पोर वाकून नमस्कार करायला लागली तशी मी तिला जवळच घेतलं. सगळे एकदम बोलत होते.

शरयू तेवढी दारातच उभी होती. पेढा हातात तसाच.

"काय गं? बहीण पास झाली, तुला आनंद नाही झाला?" मी जरा टोचूनच विचारलं.

"झाला ना," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पण मी जागा धरून ठेवली होती."

"कसली जागा?"

"माझ्या बेंचवर. खिडकीजवळ. वर्गातली नेहा रोज भांडून राहिली माझ्याशी, मी नाही दिली तिला. ताईला वर्गात सगळे हसले असते. मागे एकटी बसली असती ती. माझ्या बाजूला बसली असती तर कोणी काही नसतं म्हटलं."

मला ते अंगण आठवलं, आणि पुस्तक उचलून तिकडे गेलेली ती पोर. चेष्टा म्हणे! इतके दिवस ती आपल्या बहिणीला आमंत्रण देत होती. मी तिचा हात धरून तिला आत ओढलं, माझ्याच खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "काकूला माफ कर गं बाई." तिने पदराला डोळे पुसले, माझ्याच.

स्वानंदी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "उद्यापासून मधल्या सुटीत मी तुझ्या वर्गात येईन. डबा तिथेच खाऊ, खिडकीजवळ."

शरयूने पेढा तोंडात टाकला. "मग नाही देत मी ती जागा कोणाला," ती म्हणाली.