रिकामा रविवार

नजरबादला माझं फुलांचं दुकान. फुलांचा धंदा म्हणजे वेळेचा काही भरवसाच नाही. बाजारातून मल्लिगे, म्हणजे मोगरा, कधी पहाटे चारला येतो, कधी आठला. आणि माणूस काय आम्हाला विचारून मरतो का? मयताच्या हाराला आमच्या घरात नाही म्हणत नाहीत. माझ्या आज्यापासूनची रीत.

नव्या, माझी लेक, बारावीला. सायन्स. तिनं जूनमध्ये अभ्यासाच्या वेळापत्रकाचा एक मोठा कागद दुकानाच्या भिंतीला चिकटवला. सोमवार ते शनिवार सगळे खण भरलेले. रविवार दुपारचा खण तेवढा कोरा.

"अप्पा, हार बांधता बांधता पाठांतर होतं. फिजिक्सची गणितं नाही होत, त्याला बसावं लागतं," ती म्हणाली.

"बस की कणे, पोरी. कोण उठवतंय?"

मी हसलो. मला वाचायला येतं तेवढं दुकानाच्या पाटीपुरतं. पण कोरा खण म्हणजे मोकळी पोर, एवढं कळलं. लग्नाच्या हारांच्या जोडीची ऑर्डर आली की मी गिऱ्हाइकाला बेधडक सांगायचो, "रविवारी दुपारी या, पोरगी मोकळी असते."

दिवाळीच्या आत असे सात रविवार गेले. एकदा ती म्हणाली, "अप्पा, तो मोकळा नाही. आठवड्यात तुम्ही हाक मारता तेव्हा राहिलेलं सगळं त्यात ढकललेलं असतं. म्हणूनच कोरा ठेवलाय."

"अय्यो, मग त्यात काहीतरी लिहून ठेवायचं ना!"

"काय राहणार ते आधी कसं लिहू?"

माझी बायको वनजा म्हणाली, "पोरीशी वाद कशाला घालताय? ऑर्डर घेऊ नका." मी हो म्हणालो. आणि पुढल्या रविवारची घेतली. ओळखीचं गिऱ्हाईक होतं हो.

निकाल लागला. सगळ्यात पास, फिजिक्समध्ये नापास. ती रडली नाही. कागद काढला, घडी घातली, फुलांच्या पाट्यांखाली अंथरला. ओला होऊन शाई पसरली.

मी म्हणालो, "दुसरी परीक्षा आहे ना? दीड महिना दुकानाला हात लावू नकोस. नवा कागद कर. रविवारी मी दुकानच बंद ठेवतो, आण घेतो."

"कागद कशाला अप्पा?" ती दोरा गुंडाळत म्हणाली. "तुम्ही कोरं बघितलं की भरता."

मला राग आला.

तेवढ्यात फोन वाजला. येलवाल गावाहून. तिथली एक म्हातारी गेली, तासाभरात चार हार हवेत. मी फोन कानाला धरून नव्याकडे बघत राहिलो. एकदा नाही म्हण, एकदाच, असं आतून येत होतं. तोंडातून निघालं, "हो, पाठवतो."

तिनं वर पाहिलंच नाही. शेवंतीची पाटी ओढली आणि पहिली गाठ मारली. हात फार चालतो तिचा. माझ्यापेक्षाही.